फोटोतल्या यादीवरून रोजकीर्द आणि खतावणी : एक अंक पुसट आहे, नोंद कशी करावी?

आरोही :
नमस्कार. सरावासाठी मला व्यवहारांच्या एका हस्तलिखित यादीचा फोटो मिळाला आहे. मूळ कागद माझ्याकडे नाही. कागदाची घडी नेमकी दुसऱ्या ओळीवरून गेल्यामुळे तिथल्या एका अंकाचा वरचा भाग दिसत नाही, आणि फोटोची डावी कडही थोडी कापली गेली आहे. यादीतले अंक इंग्रजी वळणाचे आहेत. मजकूर जसा वाचता आला तसा खाली उतरवत आहे.

१ तारीख : रोख ८०,००० व फर्निचर २०,००० आणून व्यवसाय सुरू केला.
३ तारीख : माधव यांच्याकडून १_,००० किमतीचा माल १०% व्यापारी सुटीने उधार खरेदी केला.
६ तारीख : सुमन यांना १२,००० चा माल विकला, निम्मी रक्कम लगेच रोख मिळाली.
९ तारीख : माधव यांना १,००० छापील किमतीचा माल परत केला.
१२ तारीख : गणेश यांना पगार ४,००० रोख दिला.
१५ तारीख : माधव यांना ५% रोख सूट वजा जाता १२,८२५ देऊन हिशेब चुकता केला.
२० तारीख : सुमन यांच्याकडून पूर्ण हिशेबापोटी ५,८०० मिळाले.
२५ तारीख : मालकाने १,२०० चा माल स्वतःच्या वापरासाठी नेला.

तीन तारखेचा पुसट अंक ५ किंवा ६ असावा, कारण खालचा गोलावा स्पष्ट दिसतो. तो कोणता धरावा, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक मुळातला आहे. पैसे आले की बँकेच्या पासबुकात ते ‘जमा’ दाखवतात, मग आपल्या पुस्तकात रोख आल्यावर रोख खाते ‘नावे’ का करायचे? नियम मला पाठ आहे, परंतु त्यामागचे कारण अजून पटलेले नाही.

परीक्षार्थी :
अंक ५ आहे, हे यादीवरूनच सिद्ध होते. १५,००० मधून १०% व्यापारी सूट वजा केली की १३,५०० राहतात. त्यावर ५% रोख सूट ६७५ होते, आणि ६७५ वजा जाता नेमके १२,८२५ उरतात. १५ तारखेला दिलेली रक्कम हीच आहे. सोळा हजार धरले तर १४,४०० वर ५% म्हणजे ७२० सूट होते आणि १३,६८० द्यावे लागतात, जे यादीशी जुळत नाही. त्यामुळे शंकेला जागा नाही.

जुना लेखापाल :
परीक्षार्थी यांनी दिलेल्या रकमेवरून मागे जाऊन अंक शोधला, ही पद्धत अगदी योग्य आहे. मात्र वाटेतली एक नोंद त्यांच्याकडून सुटली आहे. ९ तारखेला माल परत गेला आहे आणि पैसे दिले आहेत १५ तारखेला, त्यामुळे चुकता होणारी रक्कम ही खरेदीची नसून परतीनंतर माधव यांच्या खात्यावर उरलेली शिल्लक आहे.

आता परत केलेल्या मालाची किंमत किती धरायची ते पाहू. यादीत १,००० ही छापील किंमत आहे. तो माल आपल्याला १०% सुटीने, म्हणजे ९०० ला मिळाला होता, आणि व्यापारी सुटीची नोंद पुस्तकात कधीच होत नसल्यामुळे खरेदी खात्यावर आणि माधव यांच्या खात्यावर त्या मालाचे ९०० च बसलेले आहेत. म्हणून परतीची नोंदही ९०० चीच होईल. सोळा हजार धरल्यास खरेदी १४,४००, परत ९००, शिल्लक १३,५००. त्यावर ५% सूट ६७५ आणि दिलेले १२,८२५. सर्व आकडे बसतात.

पंधरा हजार धरले तर काय होते ते माधव यांच्या खात्यात पाहा. जमा बाजूला १३,५०० येतील आणि नावे बाजूला ९००, १२,८२५ व ६७५ मिळून १४,४०० येतील. म्हणजे आपण त्यांना ९०० जास्त दिले, असे खाते सांगेल. यादी तर हिशेब चुकता केला असे म्हणते. परतीचे ९०० आणि दोन्ही वाचनांमधला ९०० चा फरक योगायोगाने सारखाच असल्यामुळे हा भास निर्माण होतो, आणि घाईत कोणीही त्यात सापडेल.

परीक्षार्थी :
आपले म्हणणे मान्य आहे, परतीची नोंद मी विसरलो होतो. परंतु फोटोची डावी कड कापली गेली आहे, असे आरोही यांनीच लिहिले आहे. मग ‘९’ हे मुळात ‘१९’ नसेल कशावरून? माल १९ तारखेला परत गेला असेल तर १५ तारखेपर्यंत परतीचा प्रश्नच येत नाही, १५,००० बरोबर ठरतात आणि माधव यांच्याकडून ९०० येणे राहते.

जुना लेखापाल :
ही शंका रास्त आहे आणि केवळ आकड्यांच्या बळावर ती खोडता येत नाही. ‘१६,००० आणि ९ तारीख’ तसेच ‘१५,००० आणि १९ तारीख’ ही दोन्ही वाचने आतून सुसंगत आहेत. निर्णय यादीच्या क्रमावरून करावा लागतो. ही ओळ ६ आणि १२ या तारखांच्या मध्ये आहे आणि बाकीची सर्व यादी चढत्या क्रमाने आहे. व्यवहार १९ तारखेचा असता तर तो १५ च्या खाली आला असता. मागाहून आठवलेला व्यवहार लिहिणारा माणूस तो तळाशी लिहितो, दोन ओळींच्या मध्ये नव्हे. म्हणून मी ९ तारीख आणि १६,००० धरेन.

आरोही :
दोघांचेही आभार. मी दोन्ही वाचनांनी पूर्ण खतावणी करून तेरीज काढून पाहिली. माझी कल्पना अशी होती की चुकीच्या वाचनात तेरीज जुळणार नाही आणि वाद आपोआप मिटेल. प्रत्यक्षात दोन्ही वेळा बेरीज १,१३,५७५ आली, तीही दोन्ही बाजूंना. हे कसे शक्य आहे?

जुना लेखापाल :
नुसते शक्य आहे असे नव्हे, तसेच होणार. तीन तारखेची नोंद करताना आपण जो आकडा धरतो तो खरेदी खात्याच्या नावे आणि माधव यांच्या जमा अशा दोन्ही ठिकाणी सारखाच जातो. चूक झाली तरी ती दोन्ही बाजूंना सारखी होते. पंधरा हजारांच्या वाचनात खरेदी ९०० ने कमी होते, पण माधव यांच्या खात्यावर ९०० ची नावे शिल्लक उभी राहते. नावे बाजूचे एक खाते जितके घटले तितकेच दुसरे वाढले आणि बेरीज हललीच नाही.

तेरीज फक्त इतके सांगते की प्रत्येक नोंदीची नावे आणि जमा रक्कम सारखी होती आणि ती खतावणीत नीट पोहोचली. मूळ आकडा खरा होता का, नोंद योग्य खात्यात गेली का, एखादा व्यवहार पूर्णच राहिला का, हे तिला कळत नाही. चुकीचे वाचन दिसते ते माधव यांच्या खात्यात. यादीत ‘चुकता’ हा शब्द असताना त्या खात्यावर शिल्लक उरली, हीच खूण आहे. फोटोवरून काम करताना तेरजेकडे जाण्याआधी व्यक्तींची खाती एकेक करून पाहावीत, असे मी सुचवेन. या यादीत सुमन आणि माधव ही दोन्ही खाती महिनाअखेर बंद झाली पाहिजेत.

विद्याताई :
आरोहीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून मी लिहिते. मी हा विषय शिकवते आणि दरवर्षी हाच प्रश्न समोर येतो. अडचण ‘जमा’ या शब्दाची आहे. बोलताना आपण पैसे जमा झाले असे म्हणतो तेव्हा पैसे आले, साठले, असा अर्थ घेतो. हिशेबाच्या पुस्तकात मात्र ‘जमा’ म्हणजे त्या खात्याची उजवी बाजू आणि ‘नावे’ म्हणजे डावी बाजू. चांगले आणि वाईट, आले आणि गेले, असा अर्थ त्या शब्दांना नाही.

पासबुक हे बँकेने स्वतःच्या पुस्तकात ठेवलेल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. आपण बँकेत पैसे ठेवले की बँक आपले देणे लागते. बँकेच्या दृष्टीने आपण देणारे आहोत, आणि देणाऱ्याचे खाते जमा करायचे असते. त्याच क्षणी आपल्या पुस्तकात बँक ही घेणारी आहे, म्हणून आपण बँक खाते नावे करतो. एकच व्यवहार दोन पुस्तकांत समोरासमोर उभा आहे. या यादीतही तसेच आहे. तीन तारखेला आपण माधव यांना जमा केले, तेव्हा माधव यांच्या पुस्तकात आपले खाते नावे पडले असणार.

माझ्या विद्यार्थ्यांना मी तीन प्रश्न क्रमाने विचारायला सांगते : कोणती दोन खाती हलली, प्रत्येक खाते कोणत्या जातीचे आहे, आणि त्या जातीचा नियम काय. गणेश यांच्या ओळीवर हे करून पाहा. घाईत बहुतेक जण ‘गणेश खाते नावे’ लिहितात, कारण नाव समोर दिसते आणि पैसे घेणारेही तेच आहेत. परंतु पगार देऊन झाला, गणेश यांच्याकडून येणे किंवा त्यांना देणे काही उरले नाही. उरला तो खर्च. म्हणून पगार खाते नावे आणि रोख खाते जमा. पगार द्यायचा राहिला असता तर गणेश यांचे खाते आले असते, पण जमा बाजूला.

जुना लेखापाल :
विद्याताईंचे विवेचन उत्तम आहे, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. खात्याच्या जाती आणि तीन नियम पाठ करण्यापेक्षा ‘मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल’ या समीकरणावरून विचार केला तर कारण आपोआप दिसते. मालमत्ता समीकरणाच्या डावीकडे आहे, म्हणून ती वाढली की डावी बाजू, म्हणजे नावे. देणी व भांडवल उजवीकडे आहेत, म्हणून ती वाढली की जमा. खर्च भांडवल कमी करतो, त्यामुळे तो नावे जातो. उत्पन्न भांडवल वाढवते, त्यामुळे ते जमा होते. रोख आल्यावर नावे का, याचे उत्तर एवढेच की रोख ही मालमत्ता आहे आणि ती वाढली.

या दृष्टीने १५ तारीख पाहा. १३,५०० चे देणे संपले, म्हणून माधव नावे १३,५००. रोख १२,८२५ ने घटली, म्हणून रोख जमा. उरलेले ६७५ द्यावेच लागले नाहीत, तो आपला लाभ झाला, म्हणून मिळालेली सूट खाते जमा. सुमन यांच्या बाबतीत हेच उलट होते. ६,००० येणे होते, ५,८०० आले, २०० सोडून दिले. ते दिलेली सूट खात्याच्या नावे जातील आणि सुमन यांचे खाते पूर्ण ६,००० ने जमा होईल.

विद्याताई :
समीकरणाची पद्धत स्वच्छ आहे हे मला मान्य आहे. परंतु ‘खर्च नावे जातो कारण तो भांडवल कमी करतो’ हे वाक्य नवशिक्याला दोन पायऱ्या एकदम चढायला लावते. माझा अनुभव असा की विद्यार्थी तीन नियमांनी हात बसवतात आणि समीकरण नंतर समजून घेतात. उलट क्रमाने शिकवलेली मुले पगाराच्या आणि सुटीच्या नोंदीत जास्त अडखळतात.

जुना लेखापाल :
आणि माझ्याकडे काम शिकायला येणारी मुले नियम अचूक म्हणतात, पण नवा व्यवहार समोर आला की हे खाते कोणत्या जातीचे, यातच अडकतात. आपण दोघेही आपापल्या ठिकाणचे खरेच सांगत आहोत, असे वाटते.

कोषाध्यक्ष :
मीही फोटोंवरूनच काम करतो, म्हणून विचारतो. आमच्या मंडळाचे कार्यकर्ते खर्चाच्या कागदांचे फोटो पाठवतात आणि मी घरी बसून नोंदी करतो. या वेळी तेरजेत नावे बाजू ६३० ने जास्त येत आहे. सहाशे तीसला ९ ने भाग जातो, म्हणजे फोटो वाचताना कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असणार, असे मला सांगण्यात आले. सर्व फोटो पुन्हा वाचत बसू का?

जुना लेखापाल :
फोटो वाचताना अंक उलटले असतील तर तेरीज बिघडत नाही, हे आत्ताच वर आले आहे, कारण चुकीचा आकडाही दोन्ही खात्यांत सारखाच जातो. फरक पडला आहे म्हणजे चूक रोजकीर्दीनंतरची आहे. रोजकीर्दीतून खतावणीत उतरवताना, खात्याची बेरीज मारताना किंवा शिल्लक तेरजेत नेताना ती झाली आहे. त्यामुळे फोटो बाजूला ठेवावेत आणि रोजकीर्द व खतावणी समोरासमोर ठेवावी.

नऊने भाग जाणे ही फक्त एक शक्यता आहे. १,८१० च्या जागी १,१८० लिहिले तरी फरक ६३० येतो, हे खरे. पण त्याआधी दोन सोप्या गोष्टी पाहाव्यात. पहिली, ६३० ची एखादी नोंद एकाच बाजूला गेली आहे का. दुसरी, त्याच्या निम्मी, म्हणजे ३१५ ची जमा रक्कम चुकून नावे बाजूला लिहिली गेली आहे का. तसे झाले की एक बाजू ३१५ ने फुगते आणि दुसरी तितकीच घटते, म्हणून फरक दुप्पट दिसतो.

आरोही :
माझीही एक चूक येथे नोंदवते, कारण ती याच प्रकारची आहे. पहिल्या प्रयत्नात माझी तेरीज ६७५ ने जुळत नव्हती. नावे १,१२,९०० आणि जमा १,१३,५७५. सहाशे पंचाहत्तरलाही ९ ने भाग जातो, त्यामुळे मी बराच वेळ उलटे अंक शोधत होते. शेवटी लक्षात आले की १५ तारखेची संयुक्त नोंद उतरवताना मी रोख खात्याच्या जमा बाजूला ‘माधव १३,५००’ लिहिले होते. रोजकीर्दीत माधव यांच्यासमोर तोच आकडा असल्यामुळे तो हाताखाली आला. रोख शिल्लक ७४,९७५ ऐवजी ७४,३०० येत होती. फरक ६७५ म्हणजे नेमकी सुटीची रक्कम होती. आधी यादीत तोच आकडा शोधला असता तर दोन मिनिटांत सापडला असता.

विद्याताई :
आरोही, संयुक्त नोंदीत ही चूक फार होते. खतावणीत समोरच्या खात्याचे नाव लिहायचे असते, पण रक्कम आपल्या खात्याची घ्यायची असते. माधव यांचे खाते असे दिसले पाहिजे :

नावे बाजू
९ तारीख : खरेदी परत खाते ९००
१५ तारीख : रोख खाते १२,८२५
१५ तारीख : मिळालेली सूट खाते ६७५
एकूण १४,४००

जमा बाजू
३ तारीख : खरेदी खाते १४,४००
एकूण १४,४००

रोजकीर्दीत माधव यांच्यासमोर १३,५०० ही एकच रक्कम असली, तरी त्यांच्या खात्यात ती दोन ओळींत येते, कारण समोर दोन खाती आहेत. उलट रोख खात्यात फक्त १२,८२५ आणि सूट खात्यात फक्त ६७५ जातात. माधव यांच्या खात्यात ‘माधव’ हे नाव कुठेच येत नाही, हे एकदा नजरेखालून घाल. सहा तारखेची ओळही अशीच आहे. तिथे रोख ६,००० आणि सुमन ६,००० ही दोन खाती नावे असून विक्री १२,००० ने जमा आहे.

परीक्षार्थी :
२५ तारखेबद्दल विचारतो. मालकाने माल नेला, म्हणजे माल बाहेर गेला, तर विक्री खाते जमा व्हायला हवे ना? मी उचल नावे, विक्री जमा अशी नोंद केली आणि तेरीज जुळली.

जुना लेखापाल :
तेरीज जुळणारच, कारण दोन्ही बाजूंना १,२०० गेले. उचल खाते नावे हा भाग बरोबर आहे, कारण मालकाने आपल्या भांडवलातून तितके काढून घेतले. परंतु विक्री म्हणजे ग्राहकाला किंमत लावून दिलेला माल. येथे किंमतही लागली नाही आणि नफाही झाला नाही, फक्त विक्रीसाठी आणलेल्या मालातून १,२०० चा माल कमी झाला. म्हणून खरेदी खाते जमा करतात, तेही खरेदीच्या किमतीने. या यादीत खरेदीची शिल्लक १४,४०० वरून १३,२०० वर येते. काही ठिकाणी खरेदी खात्याला हात न लावता मालासाठी वेगळे खाते उघडून ते जमा करतात आणि वर्षअखेर ते खरेदीतून वजा करतात. नेमके काय करावे, हे त्या त्या कार्यालयाच्या प्रथेवर राहते.

कोषाध्यक्ष :
चूक सापडली. वर्गणीचे ३१५ खतावणीत नावे बाजूला गेले होते. फोटो पुन्हा वाचावे लागले नाहीत.

आरोही :
फोटो पाठवणाऱ्यांकडे चौकशी केली. मूळ कागद त्यांच्याकडेही राहिलेला नाही, त्यामुळे पुसट अंक डोळ्यांनी पाहून ठरवणे आता शक्य नाही. अशा वेळी नोंद करून मोकळे व्हावे, की शंका कुठे लिहून ठेवावी?

जुना लेखापाल :
सरावाची यादी असेल तर गृहीत धरलेली बाब नोंदीच्या स्पष्टीकरणातच लिहावी. तपासणाऱ्याला आपण आकडा कुठून आणला ते कळते. खऱ्या व्यवसायाचे पुस्तक असते तर मात्र मी अनुमानाने आकडा लिहू दिला नसता. माधव यांचे बिल किंवा त्यांच्याकडचा खातेउतारा मागवला असता, कारण त्यांच्या पुस्तकात आपल्या नावे १४,४०० आहेत की १३,५००, हे तिथे लगेच दिसते. तुमच्या यादीसाठी तीन तारखेची नोंद मी अशी लिहीन :

खरेदी खाते नावे १४,४००
माधव खाते जमा १४,४००
(१६,००० किमतीचा माल १०% व्यापारी सुटीने उधार खरेदी केला. मूळ यादीतील अंक पुसट असून ९ तारखेची परत आणि १५ तारखेचा चुकता हिशेब यांवरून १६,००० धरले आहेत.)

परीक्षार्थी :
स्पष्टीकरणात ‘९ तारीख ही यादीच्या क्रमावरून धरली आहे’ हेही जोडावे, अशी विनंती. माझी शंका त्यावरच उभी होती.

आरोही :
जोडले आहे.